मामंजी, आत्याबाई, वन्सं : नव्या सुनेच्या संबोधनांतला इतिहास

१/
लग्न लागले, वरात निघाली आणि नवी सून सासरच्या उंबरठ्याशी येऊन उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तिचे वय बहुधा नऊ ते बारा वर्षांचे असे. पुढच्या आठवड्यात तिला पंचवीस-तीस अनोळखी माणसांना भेटायचे होते. कोणाला वाकून नमस्कार करायचा आणि कोणाला काय म्हणून हाक मारायची, हे तिला त्या भेटींतच शिकावे लागे. या शिष्टाचारातील काही शब्द विवाहपद्धतीच्या एका फार जुन्या थराची खूण सांगतात. हा धागा त्या शब्दांविषयी आहे.

२/
प्रथम दारातील क्रम पाहू. सासू किंवा घरातील दुसरी सवाष्ण वधूवरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते आणि औक्षण करते. उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवलेले असते. वधूने ते उजव्या पायाने असे लवंडायचे, की तांदूळ घराच्या आत सांडावेत. धान्य आत आले म्हणजे लक्ष्मी आत आली, असा त्याचा अर्थ. त्यानंतर लक्ष्मीपूजन होते. ताटात तांदूळ पसरून त्यांत वर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो आणि साखर वाटून ते सर्वांना सांगितले जाते.

३/
या नव्या नावांकडे थोडे बारकाईने पाहण्याजोगे आहे. न्या. रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. माहेरी नदीचे वा तीर्थाचे नाव असलेल्या या चौघींपैकी तिघी सासरी लक्ष्मीच्या नावाने ओळखल्या गेल्या, कारण ‘रमा’ म्हणजेही लक्ष्मी. माप लवंडून जी लक्ष्मी आत आली, तिलाच ताटातील तांदळांत नाव मिळत असे. माहेरच्या नावाने हाक मारणारे सासरी तिच्या सोबत आलेल्या पाठराखणीखेरीज कोणी उरत नसे.

४/
आता दाराकडे पुन्हा वळू. माप ओलांडण्यापूर्वी अनेक घरांत वराची बहीण दार अडवते. भाऊ आणि भावजय बाहेर, बहीण आत. ती म्हणते, ‘तुम्हांला मुलगी झाली, तर ती माझ्या मुलाला देणार का?’ जोडप्याने होकार दिला, की ती बाजूला होते. आज हा प्रसंग हसण्याखिदळण्याचा असतो आणि भेटवस्तूवर संपतो. परंतु ही मागणी एके काळी अक्षरशः खरी होती. भावाची मुलगी बहिणीच्या घरी सून म्हणून जाणे हा महाराष्ट्रातील अनेक जातींत मान्य, किंबहुना पसंतीचा संबंध होता.

५/
‘मामाची मुलगी’ करण्याची ही चाल फार जुनी आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील वादग्रस्त आचारांची यादी आहे. तीत मामाच्या मुलीशी विवाह करण्याचा उल्लेख येतो. उत्तर भारतात असा विवाह निषिद्ध. दक्षिणेत मामाची आणि आत्याची, दोन्हींकडची मुलगी चालते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला या दोहोंमधला प्रदेश मानले. येथे मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही. म्हणजे मुलगी भावाच्या घरून बहिणीच्या घरी जाते, उलट दिशेने जात नाही. दार अडवणारी बहीण नेमकी हीच दिशा सांगत असते.

६/
ही दिशा ध्यानात ठेवली, की नव्या सुनेच्या तोंडी येणारी दोन संबोधने उलगडतात. सासूला अनेक घरांत ‘आत्याबाई’ म्हणत आणि सासऱ्याला ‘मामंजी’. वधू मामाची मुलगी असेल, तर तिची सासू म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, अर्थात आत्या. आत्याच्या नवऱ्याला मराठीत अनेक ठिकाणी मामाच म्हणतात. म्हणून सासरे मामंजी. वराच्या बाजूनेही हिशेब जुळतो, कारण त्याचा सासरा हा त्याचा सख्खा मामाच असतो. तेव्हा ही संबोधने मुळात केवळ आदरार्थी नव्हती. ती आधीपासून असलेले नाते सांगत होती.

७/
एक उदाहरण मांडून पाहू. दहा वर्षांची मुलगी आपल्या आत्याच्या घरी सून म्हणून येते. कालपर्यंत ती त्याच घरी सुटीला येत होती, ‘अगं आत्या’ म्हणून बिलगत होती, मामाच्या पाटाशेजारी बसून जेवत होती. आज शब्द जवळजवळ तेच राहतात. पण ‘आत्या’ची ‘आत्याबाई’ होते, ‘मामा’चे ‘मामंजी’ होतात आणि ‘अगं’च्या जागी ‘अहो’ येते. मामंजी ओटीवर आले, की उठून उभे राहायचे, पदर सावरायचा, त्यांच्यासमोर बसायचे नाही. नाते तेच राहिले, त्यातली सलगी तेवढी काढून घेतली गेली. पहिल्या आठवड्याचे शिक्षण मुख्यतः या वजाबाकीचे असे.

८/
याहून विलक्षण गोष्ट अशी, की ज्या घरांत असे विवाह होत नसत, तेथेही हे शब्द पोहोचले. कोकणस्थ ब्राह्मणांत मामाची मुलगी करण्याची रूढी नव्हती. ती देशस्थ आणि कऱ्हाडे यांच्यात होती. तरीही कोकणस्थ कुटुंबात सून म्हणून गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या सासऱ्यांचा उल्लेख ‘मामंजी’ असाच करतात. त्यांचे लग्न १८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी झाले. सासरे त्यांचे मामा नव्हते आणि त्यांच्याकडून मामाचा जिव्हाळाही त्यांच्या वाट्याला आला नाही. शब्द नात्यापासून सुटून शिष्टाचाराचा भाग झाला होता. परक्या माणसाला आपला म्हणण्याची सक्ती तेवढी त्यात उरली होती.

९/
आता इतर मंडळी. नमस्काराचा क्रम ठरलेला होता : आधी देव, मग घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती, मग सासू-सासरे, चुलत सासू-सासरे, मोठे दीर, मोठ्या जावा आणि नणंदा. लग्नानंतरचे पहिले नमस्कार नवरा-बायकोने जोडीने करायचे असत. सवाष्ण स्त्रीला आधी हळदकुंकू, मग नमस्कार. गर्दीत क्रम चुकला, तर बोलणे मुलीच्या आईला लागे : ‘शिकवले नाही वाटते काही!’ म्हणूनच पाठराखीण महत्त्वाची. माहेरून सोबत आलेली ही स्त्री किंवा मोठी मुलगी पहिले काही दिवस सुनेच्या पाठीशी असे आणि कोण कोणाचे, हे तिच्या कानात सांगे.

१०/
संबोधनांत मात्र वयापेक्षा नाते वरचढ ठरे. आठ वर्षांचा धाकटा दीर ‘भावोजी’, आणि त्याला ‘अहो’. परकर नेसणारी धाकटी नणंदही ‘वन्सं’. तिने भावजयीला ‘वहिनी’ म्हणायचे. परंतु अधिकार नणंदेचा. नमस्काराला वयाचे बंधन होते, कारण धाकट्यांना वाकून नमस्कार होत नसे. हाकेला ते नव्हते. नवऱ्याच्या बाजूचे प्रत्येक मूल सुनेहून मानाने मोठे आहे, हे तिला आठवडाभरात दर हाकेगणिक उमगत असे.

११/
विधवा नणंद वा आतेसासू असेल, तर प्रसंग अधिक अवघड होई. मंगल विधीत विधवेला स्थान नव्हते. दार अडवणे, औक्षण, ओटी भरणे, हे सारे सवाष्णींचे मान. नव्या सुनेने विधवेला कुंकू लावायचे नाही. पण ती वयाने मोठी असेल, तर नमस्कार करायचा. अनेक घरांत स्वयंपाकघराचा सारा भार याच स्त्रीवर असे आणि सुनेला दिवसभर तिच्याच हाताखाली वावरावे लागे. जिला दारात उभे राहू दिले नाही, तिच्याकडूनच घराच्या रीती शिकायच्या, असा हा पेच होता.

१२/
सर्वांना काही ना काही संबोधन होते. नवऱ्याला मात्र नव्हते. त्याचे नाव उच्चारायचे नाही. ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा आडवळणांनी त्याचा निर्देश करायचा. त्याला एकच वाट ठेवलेली होती, ती उखाण्याची. दारात, जेवणाच्या पंगतीत, हळदीकुंकवात बायका ‘नाव घे’ म्हणून आग्रह करत आणि यमकात गुंफलेले नाव तेवढे चाले. एरवी निषिद्ध असलेला शब्द समारंभात, सर्वांच्या देखत आणि पद्यात बांधूनच बाहेर यायचा.

१३/
या पार्श्वभूमीवर रमाबाई रानडे यांच्या आठवणींतील एक प्रसंग वाचावा. लग्न १८७३ चे. रमाबाई अकरा वर्षांच्या, रानडे त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि सरकारी न्यायाधीश. लग्नानंतर लगेचच रानड्यांनी त्यांना विचारले, की मी कोण आणि माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे का? नाव सांगण्यास सांगितल्यावर रमाबाईंनी ऐकलेले नाव सांगितले. मग माहेरची माहिती आणि लिहिता-वाचता येते का, अशी विचारपूस झाली, आणि धुळाक्षरे गिरवण्यापासून शिक्षणाला आरंभ झाला. साधा प्रश्न वाटतो. परंतु नवऱ्याचे नाव गद्यात, त्याच्यासमोर, त्याच्याच सांगण्यावरून घेणे म्हणजे त्या आठवड्याचा पहिला नियम मोडणे होते.

१४/
लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे तीच वाट आणखी लांबवर नेली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये सासरे ‘मामंजी’ आहेत, नवरा मात्र सरळ ‘टिळक’. एकाच लेखणीत एक संबोधन शेकडो वर्षे जुने आणि दुसरे अगदी नवे. एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे : हे पुरावे प्रामुख्याने लिहू शकणाऱ्या ब्राह्मण स्त्रियांचे आहेत. माप, दार अडवणे, मामंजी या गोष्टी इतर अनेक समाजांतही होत्या आणि आहेत. परंतु तेथील सुनांचे त्या काळचे स्वलिखित शब्द आपल्या हाती फार थोडे आहेत.

१५/
आज शहरी घरांत ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ जवळपास लोपले असून त्यांच्या जागी ‘बाबा’ आणि ‘आई’ आले आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या अपत्यांतील विवाह निषिद्ध नात्यांत घातला. जेथे तशी रूढी आहे, तेथे मात्र तो वैध ठेवला. दार अडवणारी बहीण अजून दारात उभी असते. पुढच्या लग्नात ती मुलगी मागेल तेव्हा हसावे जरूर. पण तिच्या मागणीचे उत्तर एके काळी ‘आत्याबाई’ म्हणून माप ओलांडून आत येत होते, हेही आठवावे.