प्रीकास्ट काँक्रीट कारखान्याचा ऑडिट निष्कर्ष अहवाल

भिंतींचे पॅनेल, बॉक्स कल्व्हर्ट, पाइप, पुलाचे गर्डर असे काँक्रीटचे घटक जागेवर न ओतता कारखान्यात साच्यात घालून तयार करतात. अशा कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेची तपासणी झाल्यावर ऑडिटर जे लेखी निष्कर्ष देतो, तो हा अहवाल. ऑडिट कारखान्याचे स्वतःचे असते, ग्राहकाचे असते किंवा प्रमाणन संस्थेचे. तिन्हींमध्ये अहवालाचा गाभा सारखाच राहतो: काय आढळले, ते किती गंभीर आहे आणि ते केव्हापर्यंत मिटवायचे.

आयएसओ ९००१ या मानकात निष्कर्षांची प्रतवारी नाही. त्रुटी आढळली की तिचे कारण शोधून ती पुन्हा घडू नये अशी कारवाई करा, एवढेच ते मागते. मेजर आणि मायनर या प्रती प्रमाणन संस्थांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२१-१ मध्ये येतात. ठरलेला परिणाम साधण्याची व्यवस्थेची क्षमताच जिथे डळमळते, ती त्रुटी मेजर. जिथे तशी डळमळत नाही, ती मायनर. याखाली ‘निरीक्षण’ किंवा ‘सुधारणेस वाव’ अशी तिसरी पायरी बहुतेक अहवालांत असते. आवश्यकता मोडलेली असेल तर ती गोष्ट सुधारणेस वाव म्हणून लिहायची नाही, असे हेच मानक स्पष्ट सांगते. व्यवहारात हा नियम वारंवार मोडला जातो, कारण वाद टाळायचा तर तिसऱ्या पायरीवर उतरणे दोन्ही बाजूंना सोयीचे पडते.

चांगल्या नोंदीत तीन गोष्टी लागतात: कोणती अट, कोणता पुरावा आणि दोन्हींतली तफावत. ‘कव्हरकडे लक्ष देणे गरजेचे’ हा शेरा झाला, नोंद नव्हे. समजा, एका कारखान्यात जानेवारीत ऑडिट झाले आणि भिंतीच्या पॅनेलबद्दल असे लिहिले गेले: ‘ड्रॉइंगप्रमाणे सळईवरील कव्हर ३० मिमी हवे. आयएस ४५६ नुसार त्यात १० मिमीपर्यंत वाढ चालते, घट अजिबात चालत नाही. स्टॉक यार्डातील १० पॅनेल कव्हर मीटरने तपासले. ६ पॅनेलमध्ये साच्याकडच्या बाजूला कव्हर २१ ते २५ मिमी आढळले. या सहाही पॅनेलच्या ओतकामापूर्वीच्या तपासणी तक्त्यात कव्हर योग्य असल्याची सही आहे.’ कव्हर मीटरच्या वाचनात काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून ऑडिटरने दोन ठिकाणी सळईपर्यंत बारीक छिद्र पाडून खोली प्रत्यक्ष मोजायला लावली आणि तेही नोंदीत घातले. असा पुरावा असला की बैठकीत यंत्राच्या अचूकतेवर चर्चा रेंगाळत नाही.

ही मेजर का? कमी मिलिमीटर भरले एवढ्याने नव्हे. साचा बंद होण्यापूर्वी एकाच जाळीचे कव्हर कमी दिसले असते आणि तिथेच दुरुस्त झाले असते, तर मायनर पुरेशी होती. इथे तपासणीची पायरी असूनही सहा पॅनेल तिच्यातून सुटले. शिवाय त्याच लॉटचे काही पॅनेल साइटवर गेले आहेत. कव्हर कमी असले की सळईला गंज लवकर लागतो, आगीतला टिकावही घटतो. आणि उभारलेल्या भिंतीत ते नंतर वाढवता येत नाही. प्रत ठरवताना विचारायचा प्रश्न असा: हा दोष कारखान्याच्या फाटकाबाहेर जाण्यापासून कोणत्या पायरीने अडवला असता, आणि ती पायरी चालते आहे का?

दुसरी नोंद वाळूची. कार्यपद्धतीप्रमाणे वाळूतील ओलावा प्रत्येक पाळीला आणि पावसानंतर मोजायचा. रजिस्टरमध्ये दिवसाला सकाळचे एकच वाचन. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ७०० किलो वाळू असेल आणि ओलावा ४ वरून ६ टक्क्यांवर गेला, तर नकळत १४ लिटर पाणी जास्त जाते. सिमेंट ४०० किलो व ठरलेले पाणी १६० लिटर धरले, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० वरून जवळजवळ ०.४३५ होते. तरीही २८ दिवसांच्या क्यूबचे निकाल मर्यादेत होते आणि प्रत्येक बॅचचा स्लम्प पाहिला जात होता. दुसरी अडवणूक शाबूत आहे, म्हणून मायनर. निरीक्षण मात्र नाही, कारण लिखित कार्यपद्धती मोडली आहे.

आता तारखा. सर्रास चालणारा ‘सर्व नोंदी ३० दिवसांत बंद’ हा शिरस्ता काँक्रीटच्या कारखान्यात टिकत नाही. एका नोंदीला एक तारीख पुरत नाही. तात्काळ दुरुस्ती, कारणाचा शोध, कारवाई आणि परिणामाची खात्री यांना वेगळ्या तारखा लागतात. ऑडिट १२ जानेवारीला झाले असे धरू. कव्हरच्या नोंदीत लॉट अडवून त्यावर ‘होल्ड’ची पाटी लावणे त्याच दिवशी. साइटवर गेलेल्या पॅनेलची क्रमांकवार यादी १४ तारखेपर्यंत, कारण तिकडे उभारणी थांबलेली नसते. कारण १९ तारखेपर्यंत: ३० मिमीचे कव्हर ब्लॉक संपल्यावर स्टोअरमधून २५ मिमीचे दिले गेले, दोन्ही मापे एकाच पेटीत होती आणि तपासणारा सकाळी एकदाच सगळ्या तक्त्यांवर सह्या करत होता. कामगाराचा निष्काळजीपणा असे कारण लिहून आले, तर ऑडिटरने ते परत पाठवावे. मात्र कारण काय किंवा उपाय काय हे त्याने स्वतः सुचवायचे नाही, असे प्रमाणन ऑडिटमध्ये बंधन आहे.

अडवलेल्या पॅनेलचा निवाडा ही वेगळी बाब, तो संरचना अभियंत्याने लेखी द्यायचा. कोरड्या, आतल्या भागात सौम्य वातावरणासाठी आयएस ४५६ ला २० मिमी कव्हर पुरते. त्यामुळे काही पॅनेल आगीची गरज तपासून आत वापरता येतील, उरलेले नाकारावे लागतील. उत्पादन विभागाने स्वतःच वरून लेप मारून ते पाठवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

वाळूच्या नोंदीत काँक्रीटचे स्वतःचे घड्याळ आडवे येते. नवी पद्धत २० जानेवारीला सुरू झाली, तर त्या दिवसाच्या क्यूबचा २८ दिवसांचा निकाल १७ फेब्रुवारीला मिळतो. आयएस ४५६ मध्ये स्वीकृतीसाठी लागोपाठच्या चार नमुन्यांची सरासरी पाहतात. रोज एक नमुना घेतला, तरी चौथा निकाल २० फेब्रुवारीला हाती येतो. म्हणून ओलावा रजिस्टरची खात्री ३१ जानेवारीला आणि नोंद बंद करण्याची तारीख २५ फेब्रुवारी, ही मांडणी रास्त आहे. ३० दिवसांच्या शिरस्त्याप्रमाणे ११ फेब्रुवारी लिहिली तर ती नोंद सात दिवसांच्या क्यूबवर किंवा नुसत्या प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर बंद होईल.

तारीख कारखान्याने सुचवावी आणि ऑडिटरने मान्य करावी. ज्याच्या नावावर ती आहे, त्याच्याकडे ब्लॉक खरेदी करण्याचा किंवा ओतकाम थांबवण्याचा अधिकार असावा. मुदतवाढ मागितली तर कारणासह, जुनी तारीख न खोडता. पहिल्या प्रमाणनात मेजर त्रुटीवरील कारवाई दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांत पडताळली गेली नाही, तर तो टप्पा पुन्हा करावा लागतो. आणि बंद केलेली मायनर नोंद पुढच्या ऑडिटमध्ये त्याच कारणाने पुन्हा सापडली, तर ती मेजर म्हणूनच नोंदवावी.