अधियोग आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया

जुन्या दप्तरांत संस्थानिकांच्या, सरदारांच्या व क्वचित् साध्या कुळकर्ण्यांच्याही जन्मपत्रिका सांपडतात. त्यांतील पुष्कळांच्या कडेला कोणा जोशानें ‘अधियोग’ असा शेरा मारलेला असतो, आणि त्याखालीं जातक सेनापति, मंत्री किंवा राजा होणार असें फल लिहिलेलें असतें. अशा शेऱ्याचा इतिहाससंशोधकाला कांहीं उपयोग आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचें मत असें कीं, उपयोग आहे, परंतु तो कागदाची परीक्षा करण्यापुरताच. तिथि सिद्ध करण्यास किंवा पुरुषाची थोरवी सिद्ध करण्यास हा योग कामाचा नाहीं. हें दाखविण्यासाठीं ज्या जन्मतिथीवर महाराष्ट्रांत सर्वांत अधिक वाद झाला, तीच आम्हीं उदाहरणास घेतली आहे.

प्रथम योगाचें लक्षण पाहूं. वराहमिहिरानें बृहज्जातकाच्या चंद्रयोगाध्यायांत हें सांगितलें आहे. चंद्र ज्या राशींत असेल ती पहिली धरून मोजावें. तेथून सहाव्या, सातव्या व आठव्या राशींत बुध, गुरु व शुक्र हे तीन शुभ ग्रह असले म्हणजे अधियोग होतो. तिघे एकाच राशींत असोत, दोन राशींत वांटलेले असोत, किंवा तीन राशींत एकेक असोत, योग होतोच. टीकाकार भटोत्पलाच्या परंपरेंत याचे सात प्रकार मोजतात. फल म्हणून सेनापति, सचिव आणि भूपाल अशीं तीन पदें सांगितलीं आहेत, शिवाय वैभव, शत्रुनाश, दीर्घायुष्य व आरोग्य. तिहींपैकीं कोणतें पद मिळेल हें ग्रहांच्या बलाबलावरून ठरवावें, असें पुढील ग्रंथकार म्हणतात. व्यवहारांत मात्र एकटा गुरु चंद्राच्या सातवा असला तरी जोशी ‘अधियोग’ लिहून मोकळे होतात. बारा राशींपैकीं तीन राशींत एक ग्रह सांपडणें ही चौथ्या माणसाची गोष्ट झाली. तिला या ग्रंथोक्त योगाचें नांव देणें योग्य नाहीं.

या लक्षणांत लग्नाचा संबंध नाहीं, ही गोष्ट संशोधकाच्या सोयीची आहे. आपल्या शकावल्यांत जन्माची घटका बहुधा नसते. तिथि व नक्षत्र असतात, आणि चंद्राची रास ठरविण्यास तेवढें बहुतेक वेळां पुरतें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लक्षणांत सूर्याचें नांव नसलें तरी सूर्य त्यांत गुप्तपणें बसलेला आहे. बुध सूर्यापासून २८ अंशांहून अधिक दूर कधीं जात नाहीं, आणि शुक्र सुमारें ४७ अंशांपलीकडे जात नाहीं. चंद्र आपल्या राशीच्या अगदीं शेवटीं असला तर सहावी रास त्याच्यापुढें १२० अंशांवर सुरू होते. तो राशीच्या आरंभीं असला तर आठवी रास २४० अंशांवर संपते. म्हणजे बुध चंद्राच्या पुढें १२० ते २४० अंशांत असला पाहिजे, आणि म्हणून सूर्य ९२ ते २६८ अंशांच्या आंतच असावयाचा. बारा अंशांची एक तिथि या मानानें पाहिलें तर शुद्ध अष्टमीच्या उत्तरार्धापासून वद्य अष्टमीच्या पूर्वार्धापर्यंतच पूर्ण अधियोग संभवतो. यास्तव ज्या पत्रिकेवर अमावास्या, वद्य त्रयोदशी किंवा शुद्ध तृतीया अशी तिथि असून कुंडलींत तिन्ही शुभ ग्रह चंद्राच्या समोर मांडलेले आहेत, ती पत्रिका एक तर नक्कल करतांना बिघडली आहे, नाहीं तर यजमानाच्या संतोषार्थ रचलेली आहे. जुन्या सारण्यांत बुधाच्या स्थानीं दोनचार अंशांची चूक आढळते, म्हणून सीमेवर एका तिथीची सूट द्यावी; त्यापेक्षां अधिक देण्याचें कारण नाहीं.

आतां उदाहरण. शिवछत्रपतींच्या जन्माची तिथि बखरींच्या परंपरेंत शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया अशी चालत आली होती. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली उजेडांत आणली. तींत शके १५५१ शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र १८ घटका ३१ पळें अशी नोंद निघाली. कवींद्र परमानंदाचें शिवभारत १९२७ सालीं छापून निघालें, त्यांतही हाच शक, हाच मास व हीच तिथि असून वेळ रात्रीची आहे. जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० होय, आणि गणितानें त्या दिवशीं शुक्रवारच येतो.

त्या दिवशींच्या सूर्यास्ताचे ग्रह आम्हीं आधुनिक गणितानें काढून, चित्रापक्षाचे अयनांश १८ अंश ४१ कला वजा करून पाहिले. चंद्र कन्येच्या सुमारें सत्ताविसाव्या अंशावर येतो. कन्येपासून सहावी रास कुंभ, सातवी मीन, आठवी मेष. गुरु कुंभेच्या सुमारें पांच अंशांवर, बुध मीनेच्या सहा अंशांवर आणि शुक्र मेषेच्या आठ अंशांवर येतो. म्हणजे तिन्ही स्थानें भरलेलीं आहेत, प्रत्येकांत एकेक शुभ ग्रह आहे, आणि वराहमिहिराच्या लक्षणाप्रमाणें अधियोग पूर्ण आहे. अयनांशांत दीडदोन अंशांचा फेर धरला तरी कोणत्याही शुभ ग्रहाची रास बदलत नाहीं. जुन्या सारणीनें शुक्र मागें सरून मीनेंत गेला तरीही तो सातव्या स्थानीं राहतो व योग मोडत नाहीं.

मोडण्याचा संभव एकाच ठिकाणीं आहे, आणि तो चंद्राच्या बाजूनें. चंद्र कन्येच्या शेवटास आलेला आहे. तो तुळेंत गेला कीं सहावी रास मीन होते, कुंभेचा गुरु पांचवा होतो, आणि योग अपुरा राहतो. आधुनिक गणितानें हें स्थित्यंतर त्या रात्रीं दहा-साडेदहाच्या सुमारास होतें. शकावलींतील हस्ताच्या घटका प्रमाण मानल्या तर चित्रेचा पूर्वार्ध सूर्योदयापासून सुमारें ४७ घटकांपर्यंत, म्हणजे मध्यरात्रीनंतर कांहीं वेळ पुरतो. प्रचलित कुंडलींत सिंह लग्न धरतात; सूर्य कुंभेच्या बाविसाव्या अंशावर असल्यामुळें तें लग्न सूर्यास्तानंतर फार तर दीड घटका राहतें. तें ग्राह्य धरल्यास चंद्र दोन्ही गणितांनीं कन्येंतच येतो. केवळ ‘रात्रीं’ एवढेंच धरल्यास मात्र योगाची खात्री संबंध रात्रीपुरती देतां येत नाहीं.

येथवर वराहमिहिराचें मत झालें. सारावलीकार कल्याणवर्म्यानें राजयोगाच्या प्रकरणीं अधिक कडक अट घातली आहे: तिन्ही शुभ ग्रह पापग्रहांच्या तडाख्यांत नसावेत व सूर्यापासून दूर असावेत. ही अट आपल्या उदाहरणास लावून पाहावी. गुरु सूर्यापासून सुमारें १७ अंशांवर आहे. अस्ताची मर्यादा ११ अंशांची, म्हणून तो अस्तंगत नाहीं, परंतु सूर्य त्याच राशींत बसला आहे. शुक्र सूर्यापासून जवळजवळ परमावधीच्या अंतरावर, म्हणजे पश्चिमेस तेजस्वी दिसणारा आहे. पण शनि तुळेच्या सोळाव्या अंशावर उच्चराशींत असून त्याची सप्तम दृष्टि नेमकी मेषेवर पडते. बुधाला पापग्रहाचा स्पर्श नाहीं, तथापि मीन ही त्याची नीच रास आहे. तेव्हां एका आचार्याच्या मतें योग पूर्ण आणि दुसऱ्याच्या मतें अट न पुरल्यामुळें राजपद द्यावयास अपुरा, असा निकाल एकाच कुंडलीवर लागतो. ज्यांना फलाचा आग्रह आहे त्यांनीं या विरोधाचें उत्तर द्यावें. नाहीं तर सोयीचा ग्रंथ निवडला जातो, आणि तो निवडणाऱ्याला माणूस राजा झाला हें आधींच ठाऊक असतें.

परमानंदानें काय केलें हेंही येथें पाहण्यासारखें आहे. जन्माच्या श्लोकांत त्यानें अधियोगाचें नांव घेतलेलें नाहीं. पांच ग्रह अनुकूल व तुंगस्थानीं होते असें तो म्हणतो. तुंग म्हणजे उच्च रास असा सरळ अर्थ घेतला तर त्यानेंच दिलेल्या तिथीशीं हें जुळत नाहीं. फाल्गुनांत कुंभेचा सूर्य मेषेंत असणें शक्य नाहीं. वद्य तृतीयेचा कन्येंतील चंद्र वृषभेंत असणें शक्य नाहीं. आणि सूर्य कुंभेंत असतां बुध कन्येंत जाऊं शकत नाहीं. सात ग्रहांतून हे तीन गेले कीं चारच उरतात. रामजन्माच्या वर्णनापासून पांच उच्च ग्रह हा राजजन्माचा काव्यसंकेत ठरून गेलेला आहे, आणि कवीनें तो पाळला आहे. यामुळें त्यानें दिलेल्या तिथीच्या विश्वसनीयतेस बाध येत नाहीं. तिथि ही नोंद आहे व ग्रह ही स्तुति आहे, एवढा विवेक वाचकानें ठेवावा. आकाशांत खराखुरा असलेला योग स्तुतिकारानें सांगितला नाहीं, आणि नसलेला सांगितला!

आतां मुख्य मोहाकडे वळूं. शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस चंद्र सूर्याच्या पुढें १२ ते २४ अंश असावयाचा. वर दाखविलेल्या नियमानें त्या दिवशीं पूर्ण अधियोग अशक्य आहे. एका तिथीस योग पूर्ण आणि दुसरीस अशक्य, हें पाहून कोणीही म्हणेल कीं वादाचा निकाल ग्रहांनींच दिला. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. तो खरा ठरण्यास अधियोगावांचून राज्यकर्ता जन्मत नाहीं असें आधीं सिद्ध झालें पाहिजे, आणि तसें तर वराहमिहिरानेंही म्हटलेलें नाहीं. शिवाय हा योग त्या वेळीं चंद्र कन्येंत होता तोंवर, म्हणजे दोन दिवसांहून थोडा अधिक काळ, सर्व पृथ्वीवर सारखाच होता. चंद्र सिंहेंत असतां मेषेचा शुक्र नववा होतो व तुळेंत असतां कुंभेचा गुरु पांचवा होतो, म्हणून योगाची मुदत नेमकी तेवढीच. परंतु त्या मुदतींत शिवनेरीवर जसें एक मूल जन्मलें तशींच जुन्नरच्या पेठेंत, गोवळकोंड्यांत व दूर परदेशांतही असंख्य मुलें जन्मलीं. त्या सर्वांची रास व योग एकच होता. इतिहासानें त्यांतून एकाचीच पत्रिका जपून ठेवली, आणि ती जपली याचें कारण पत्रिका नव्हे, त्या पुरुषाचें कर्तृत्व होय.

तिथीचा निकाल एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन लेखांच्या जुळणीनें लागला आहे, आणि वाराच्या गणितानें त्याला दुजोरा मिळाला आहे. महाराष्ट्र शासनानेंही २००१ सालीं हीच तारीख स्वीकारली. अधियोगाचा आधार तिला लागत नाहीं. संग्राहकांना आमची विनंति एवढीच कीं, अधियोगाचा शेरा असलेली पत्रिका हातीं आली तर आधीं तिची तिथि पाहावी, मग बुध सूर्याच्या राशींत किंवा लगतच्या राशींत आहे कीं नाहीं व शुक्र दोन राशींच्या आंत आहे कीं नाहीं हें तपासावें. या तीन कसोट्यांना जी पत्रिका उतरणार नाहीं तिच्यावरील नांव कितीही मोठें असलें, तरी तिच्या आधारानें जन्मकाळ ठरवूं नये. जी उतरेल तीही अन्य पुरावा मिळेपर्यंत केवळ शक्य म्हणूनच ठेवावी.