तेलकट केसांसाठी रिठा, शिकेकाई व आवळा

रिठा, शिकेकाई व आवळा ही डोके धुण्यासाठी भारतात परंपरेने वापरली जाणारी तीन वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत. महाराष्ट्रात त्यांची मिश्र पूड ‘शिकेकाई’ या एकाच नावानेही विकली जाते. तिन्हींचा उल्लेख एकत्र होत असला, तरी त्यांचे कार्य सारखे नाही. रिठा व शिकेकाई मळ काढतात, आवळा मात्र स्वतः मळ काढत नाही. डोक्याची त्वचा तेलकट असणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मळ काढण्याची क्रिया

डोक्याच्या त्वचेतील ग्रंथींमधून सेबम हा स्निग्ध पदार्थ स्रवतो. तो पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे नुसत्या पाण्याने धूळ व घाम निघतो, तेलकटपणा राहतो. रिठ्याच्या फळाच्या टरफलात व शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची संयुगे असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग तेलाला व दुसरा पाण्याला धरतो. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब होऊन ते पाण्याबरोबर वाहून जातात. शाम्पूतील सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी द्रव्येही याच तत्त्वावर काम करतात, परंतु ती अधिक प्रभावी असतात व त्यांचे प्रमाण ठरलेले असते. सॅपोनिनचे प्रमाण मात्र झाड, हंगाम व साठवण यांनुसार बदलते.

साबणाप्रमाणे सॅपोनिन विहिरीच्या जड पाण्यात चिकट साका तयार करत नाही. शिवाय रिठा व शिकेकाई यांचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, तर साबणाचे पाणी अल्कधर्मी असते.

आवळ्यात प्रामुख्याने टॅनिन असतात. त्यांच्या तुरटपणामुळे धुतल्यानंतर त्वचा कोरडी झाल्यासारखी वाटते, परंतु सेबमचा स्राव त्याने कमी होत नाही. हा स्राव मुख्यतः संप्रेरकांवर अवलंबून असतो. म्हणून मिश्रणात आवळकाठीचे प्रमाण वाढवल्यास ते तेल काढण्यास उलट दुबळे होते.

वापराची पद्धत

कोरडी पूड पाण्यात कालवून थेट डोक्याला लावण्यापेक्षा गाळलेला काढा सोयीचा ठरतो. उदाहरणार्थ, खांद्यापर्यंतच्या केसांसाठी ८ ते १० रिठ्यांची बिया काढलेली टरफले, तितक्याच शिकेकाईच्या शेंगा व आवळकाठीचे ३-४ तुकडे अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात. सकाळी मंद आचेवर १० ते १५ मिनिटे उकळून, कुस्करून, पातळ फडक्यातून गाळतात. हा काढा दोन भागांत वापरावा लागतो. पहिल्या वेळी फेस जवळजवळ येत नाही, कारण तेल फेस मोडते. केस पाण्याने धुऊन दुसरा भाग लावल्यावर फेस टिकू लागला, तर बरेचसे तेल निघाले असे समजता येते. दुसऱ्या वेळीही फेस टिकला नाही, तर काढा दुबळा आहे किंवा तेल त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे.

मर्यादा

आदल्या रात्री भरपूर खोबरेल तेल चोपडले असल्यास हा काढा बहुधा अपुरा पडतो. केस वाळल्यावर ते एकमेकांना चिकटून बटा पडतात. केसांच्या प्रसाधनांतील सिलिकोनचा थरही त्याने नीट निघत नाही.

पूड थेट लावल्यास तिचे कण मुळांशी अडकतात. वाळल्यावर कंगव्यावर पडणारा तपकिरी भुगा अनेकदा कोंडा समजला जातो. साध्या पाण्याने पुन्हा धुतल्यावर तो कमी झाला, तर ती पुडीचीच शिल्लक असते. खरा कोंडा पांढरट किंवा पिवळसर पापुद्र्यांचा असतो व परत येतो. तेलकट त्वचेवरील कोंड्याचा मॅलेसेझिया या यीस्टशी संबंध असून, त्यासाठी कीटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेले औषधी शाम्पू वापरतात. या काढ्याला त्यांचा पर्याय मानता येत नाही. खाज, लाली व पापुद्रे टिकून राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. काढ्यात परिरक्षक नसल्याने तो एक-दोन दिवसांत आंबतो. म्हणून एका वेळेपुरताच करतात.

बाजारातील उत्पादने

वेष्टनावर रिठा-शिकेकाईचे चित्र असलेल्या अनेक शाम्पूंमध्ये मळ काढण्याचे मुख्य काम कृत्रिम द्रव्येच करतात व वनस्पतींचा अर्क अल्प असतो. घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा तत्सम नाव आल्यास ते ओळखता येते. असे उत्पादन तेलकट त्वचेस अयोग्य ठरत नाही, मात्र त्याचा परिणाम शिकेकाईचा नसून शाम्पूचा असतो. तीव्र शाम्पूने लांब केसांची टोके रुक्ष होऊ शकतात. त्यामुळे तो मुळांशी लावून टोकांवरून केवळ ओघळू दिला जातो.