तुळजापुरात लाखो आले, म्हणजे नेमके किती? गर्दी मोजण्याच्या शास्त्राची कथा

१/ आश्विन पौर्णिमा. दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा संपवून तुळजाभवानी पुन्हा सिंहासनावर येण्याचा दिवस. आदल्या दिवसापासून सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद होतो आणि सुमारे ४५ किलोमीटरची ती वाट माणसांनी भरून जाते. सोलापूरचे, कर्नाटकाचे, तेलंगणाचे भाविक रात्रभर पायी चालतात. दुसऱ्या दिवशी सर्वत्र एकच शब्द छापून येतो : ‘लाखो’.

२/ या यात्रेला निमंत्रण नसते, तिकीट नसते, नावनोंदणी नसते. मग हा ‘लाखो’ कोठून येतो? तो खरा की खोटा, हे पन्नास वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्याने कसे ठरवावे? उत्तर दोन साध्या मोजण्यांत आहे. मात्र त्या दोन मोजण्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि गर्दीच्या आकड्यांवरचे बहुतेक वाद हे प्रश्न एकमेकांत मिसळल्याने होतात.

३/ पहिला प्रश्न : एका विशिष्ट क्षणी किती लोक हजर होते? दुसरा प्रश्न : दिवसभरात एकूण किती लोक येऊन गेले? सभेला लोक एकाच वेळी जमतात, एकाच वेळी पांगतात. तेथे दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी असतात. यात्रेत तसे नसते. पहाटे दर्शन घेतलेला माणूस दुपारी गावी पोहोचलेला असतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

४/ पहिल्या प्रश्नाची पद्धत १९६० च्या दशकात हर्बर्ट जेकब्स यांच्या नावाने रूढ झाली. ते कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे पत्रकारिता शिकवीत. तेथील चौकात विद्यार्थ्यांच्या सभा होत. चौकाच्या फरशीवर सारख्या मापाचे चौकोन होते. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांतील काही चौकोनांतली डोकी त्यांनी मोजली आणि त्यांवरून संपूर्ण चौकाचा हिशेब मांडला.

५/ त्यातून एक सोपा नियम निघाला. माणसे हातभर अंतर राखून उभी असतील तर प्रत्येकाला साधारण १० चौरस फूट जागा लागते, म्हणजे चौरस मीटरला एक माणूस. दाट गर्दीत हेच माप साडेचार चौरस फुटांवर येते, म्हणजे चौरस मीटरला दोन ते अडीच. अगदी खेटून उभी असतील तर अडीच चौरस फूट, म्हणजे चौरस मीटरला चारांहून थोडी जास्त. क्षेत्रफळाला या दाटीने गुणले की त्या क्षणाची संख्या मिळते.

६/ गुणाकार सोपा असला तरी चूक दाटीत होते. तुळजापूरसाठी एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. पद्धत मात्र प्रत्यक्षातलीच आहे. गावाचे तीन भाग करू. महाद्वारासमोरचा दाट पट्टा ३,००० चौरस मीटर, तेथे चौरस मीटरला ४ माणसे : १२,०००. चालती गर्दी असलेले रस्ते व गल्ल्या ६,००० चौरस मीटर, तेथे २ माणसे : १२,०००. वाहनतळ व मोकळी मैदाने १२,००० चौरस मीटर. तेथे लोक बसलेले किंवा आडवे झालेले, म्हणून दोन चौरस मीटरला एक माणूस : ६,०००. एकूण ३०,०००.

७/ आता घाईची पद्धत पाहा. महाद्वारासमोरचे एक छायाचित्र घेतले, तेथली ४ ची दाटी सगळ्या २१,००० चौरस मीटरला लावली. उत्तर येते ८४,०००. कोणीही खोटे बोललेले नाही. तरीही आकडा जवळजवळ तिप्पट झाला. छायाचित्रकार नेहमी दाट जागीच उभा राहतो. त्यातही कॅमेरा खाली असेल तर पुढची डोकी मागच्या रिकाम्या जागा झाकतात आणि विरळ गर्दीही भिंतीसारखी दिसते. म्हणून छायाचित्र उंचावरून घेतलेले हवे. प्रत्येक भागाची दाटी स्वतंत्र मोजलेली हवी. दुकाने, पाल, कठडे यांनी अडवलेली जागा क्षेत्रफळातून वजा केलेली हवी.

८/ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाटेवर मिळते. ब्रिटिश अमदानीत पंढरपूरला यात्राकर घेतला जाई. त्याच्या पावत्या म्हणजे एक प्रकारची प्रवेश-मोजणीच. कर नसेल तेथे रस्त्यावर एक रेषा कल्पून ती ओलांडणारी माणसे मोजावी लागतात. सोलापूरकडून येणाऱ्यांसाठी धाराशिव जिल्ह्यातले तामलवाडी हे अशा रेषेला सोयीचे गाव.

९/ रात्रभर प्रत्येक माणूस मोजण्याची गरज नसते. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे मोजले तरी पुरते. समजा, संध्याकाळी ६ ते १० या वेळात पाच मिनिटांची सरासरी ३०० आली, म्हणजे मिनिटाला ६० : चार तासांत १४,४००. रात्री १० ते पहाटे ४ मिनिटाला १०० : ३६,०००. पहाटे ४ ते सकाळी १० मिनिटाला ५० : १८,०००. बेरीज ६८,४००. मोजणारे दोघे असावेत आणि त्यांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावे. दोघांतला फरक हीच मोजणीच्या चुकीची पहिली खूण.

१०/ या आकड्याला वरून एक मर्यादाही आहे. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ च्या आसपास माणसे जाऊ शकतात; स्टेडियमच्या सुरक्षेसाठी हेच प्रमाण वापरतात. रस्ता ७ मीटर रुंद धरला तर मिनिटाला ५७४. सोळा तास क्षणभरही न थांबता रस्ता असा तुडुंब वाहिला, तरी साडेपाच लाखांच्या वर माणसे त्यावरून जाऊच शकत नाहीत. प्रत्यक्षात लोक थांबतात, पाणी पितात, झाडाखाली पाठ टेकतात. म्हणून खरा आकडा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. एका रस्त्यावरून, एका रात्रीत याहून मोठा आकडा कोणी सांगितला, तर तो गणितानेच बाद होतो.

११/ आता दोन्ही मोजण्या जोडणारा दुवा. गावात एका वेळी असलेली माणसे म्हणजे तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता दिली. रांगांच्या शास्त्रात हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हाच नियम उलटा वापरला की क्षणाच्या आकड्यावरून दिवसाचा आकडा निघतो.

१२/ आपल्या उदाहरणात गावात सरासरी ३०,००० लोक होते. प्रत्येक जण सरासरी ६ तास थांबला असेल, तर तासाला ५,००० लोक येत होते आणि २४ तासांत १,२०,००० येऊन गेले. मुक्काम ४ तासांचा धरला तर १,८०,०००. ८ तासांचा धरला तर केवळ ९०,०००. गर्दी तीच, छायाचित्र तेच, पण मुक्कामाच्या अंदाजाने उत्तर दुप्पट झाले. म्हणून शंभर-दोनशे भाविकांना ‘गावात केव्हा पोहोचलात, केव्हा निघणार?’ एवढे विचारणे हे हजारो डोकी मोजण्याइतकेच मोलाचे असते.

१३/ येथे एक सापळा आहे. ३०,००० हा दिवसभराचा सरासरी आकडा हवा, ऐन गर्दीचा नव्हे. ऐन गर्दी ३०,००० आणि सरासरी २०,००० असेल, तर ६ तासांच्या मुक्कामाने एकूण ८०,००० च होतात. म्हणून गावातली दाटी दिवसातून अनेकदा मोजावी लागते.

१४/ शेवटी दोन्ही आकडे समोरासमोर ठेवावेत. एकूण १,२०,००० आणि त्यांतले ६८,४०० तामलवाडीवरून पायी. मग उरलेले ५१,६०० कोठून आले? धाराशिव, लातूर, नळदुर्ग या बाजूंनी बसने आले असतील, तर बसमागे ५० माणसे धरून हजाराहून अधिक फेऱ्या व्हायला हव्यात. आगाराच्या नोंदी आणि वाहनतळ पाहिले की हे पडताळता येते. फेऱ्या फारच कमी निघाल्या, तर दाटी किंवा मुक्काम यांपैकी काहीतरी चुकले आहे. दोन स्वतंत्र वाटांनी आलेली उत्तरे जुळली, तरच आकड्यावर भरवसा ठेवावा.

१५/ सगळे नीट केले तरी एकच एक आकडा सांगणे धाडसाचे असते. १६ ऑक्टोबर १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा ‘मिलियन मॅन मार्च’ झाला. सरकारी उद्यान विभागाने ४ लाखांचा अंदाज दिला. आयोजक खवळले आणि खटल्याची भाषा झाली. बोस्टन विद्यापीठाचे फारूक अल-बाझ यांनी छायाचित्रांवरून पुन्हा हिशेब केला : ८,३७,०००, वीस टक्के कमी-अधिक. म्हणजे ६.७ लाख ते १० लाख. छायाचित्रे हाती असूनही एवढी रुंद कक्षा उरते. पुढे अमेरिकी संसदेने उद्यान विभागाची गर्दी-मोजणीच बंद केली.

१६/ एकूण आकड्यावर वाद होत राहतात. जीव मात्र जातो तो एका कोपऱ्यातल्या दाटीने. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवची काळूबाईची यात्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या अरुंद पायऱ्यांवर माणसे पडली, मागून रेटा चालूच राहिला, आणि सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. संपूर्ण डोंगरावर किती लाख होते, यापेक्षा त्या पायऱ्यांवर चौरस मीटरला किती होते, हा प्रश्न त्या दिवशी निर्णायक होता.

१७/ अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी नोंदवले आहे की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. लाटा उठतात, माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहत नाही, वाहत जातो. संपूर्ण गावाची सरासरी दीडच असेल आणि एका जिन्यावर ती सात असेल, तर सरासरी कोणालाच सावध करीत नाही. आपल्या उदाहरणातही २१,००० चौरस मीटरवर ३०,००० म्हणजे सरासरी दीडपेक्षा कमीच होती; महाद्वारासमोर मात्र ती चार होती.

१८/ म्हणून जुन्या वृत्तपत्रात किंवा अहवालात एखाद्या यात्रेचा आकडा सापडला, की त्याला चार प्रश्न विचारावेत. तो एका क्षणाचा की संपूर्ण दिवसाचा? मोजला कोठे, गावात की वाटेवर? एकच आकडा दिला आहे की कक्षा? आणि त्या वाटेवरून, त्या वेळात, तेवढी माणसे जाणे शक्य तरी होते का? कोजागरीच्या चांदण्यात तुळजापूरच्या वाटेने निघालेला प्रत्येक जण खराच असतो. तपासायचा असतो तो त्यांच्या नावावर छापलेला आकडा.