‘सउदाद’ आणि मराठी हुरहुर

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या बाजारसमितीच्या आवारांत मालाचा ‘लिलाव’ पुकारला जातो, तेव्हां तेथें जमलेल्या शेतकऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल कीं हा शब्द समुद्रावरून आला आहे. लिलाव हा मूळचा पोर्तुगीज शब्द. मजुराचा ‘पगार’, कुलपाची ‘चावी’, विहिरीवरची ‘बादली’ आणि गवंड्याचें ‘घमेलें’ हीं सर्व त्याच भाषेंतून मराठींत आलीं. गोवा, वसई व चौल येथील बंदरांतून निघालेले हे शब्द घाट चढून वऱ्हाडापर्यंत पोंचले, आणि समुद्र कधीं न पाहिलेल्या माणसाच्या जिभेवर असे रुळले कीं त्यांचें परकेपण कोणास जाणवेनासें झालें.

परंतु ज्या एका शब्दाचा पोर्तुगीज लोकांस सर्वांत अधिक अभिमान वाटतो, तो शब्द मात्र मराठींत आला नाहीं. तो शब्द ‘सउदाद’. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशें वर्षांहून अधिक काळ होता. तरीही चावी आली आणि सउदाद राहिली. याचें कारण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. वस्तूचें नांव वस्तूबरोबर येतें. ज्याच्या घरीं घमेलें गेलें त्याच्या घरीं त्याचें नांवही गेलें. भावना मात्र प्रत्येकाच्या घरीं आधींच असते आणि तिला घरचें नांव मिळालेलें असतें. तेथें परका शब्द आला तरी त्यास बसावयास रिकामी जागा नसते. मग प्रश्न असा उरतो कीं, सउदाद या शब्दांत जें आहे तें मराठीच्या घरच्या शब्दांत कितपत सांगतां येईल?

प्रथम त्या शब्दाचें कूळ पाहिलें पाहिजे. लॅटिन भाषेंत एकाकीपणास जो शब्द होता त्यापासून हा निघाला. तेराव्या शतकांतील प्रेमगीतांत त्याचें ‘सोइदादे’, ‘सुइदादे’ असें जुनें रूप आढळतें. पोर्तुगीज नाविक दूरदेशीं गेले व त्यांच्या वियोगांतून हा शब्द जन्मला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आहे. ती मनोरम आहे, पण खरी नाहीं. वास्को द गामा कालिकतला पोंचला १४९८ सालीं, आणि शब्द तर त्याच्या दोनशें वर्षें आधीं गाण्यांत रुळला होता. सफरींनीं त्यास जन्म दिला नाहीं. किनाऱ्यावर मागें राहिलेल्या माणसांच्या रूपानें त्यास नवें काम मात्र दिलें.

या शब्दाचा पहिला विचारपूर्वक अभ्यास एका राजानें केला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पोर्तुगालचा राजा दुआर्ते हा १४३३ पासून १४३८ पर्यंत गादीवर होता. ‘लेआल कोंसेल्येइरु’ म्हणजे ‘निष्ठावंत सल्लागार’ या नांवाचा ग्रंथ त्यानें लिहिला आणि त्यांतील एका प्रकरणांत दुःख, खेद, अप्रीति, उबग यांच्या रांगेंत सउदादीस बसवून ती या सर्वांहून वेगळी कशी, तें दाखविलें. त्याचें म्हणणें असें कीं ही भावना बुद्धींतून येत नाहीं, ती थेट हृदयांतून उठते. तिच्यांत कधीं दुःख असतें तर कधीं सुखही असतें. आणि आपणांस ठाऊक असलेल्या लॅटिनादि भाषांत तिला तंतोतंत प्रतिशब्द नाहीं. राजानें व्याख्या एका वाक्यांत उरकली नाहीं. शेजारचे शब्द एकेक करून बाजूस सारले आणि जें उरलें त्यास सउदाद म्हटलें. भाषांतर करणाऱ्यास याहून चांगली रीत सांपडणें कठीण.

तीच रीत मराठीस लावून पाहावी. सउदादीचे धागे मुख्यतः तीन. पहिला, जें एकदां आपलें होतें आणि आज जवळ नाहीं त्याचें स्मरण. दुसरा, तें पुन्हां जवळ असावें ही इच्छा. तिसरा धागा सर्वांत नाजूक: त्या स्मरणांत दुखतें, तरी तें स्मरण टाकून द्यावेंसें वाटत नाहीं, कारण त्या दुखण्यांतच गोडी आहे. हे तिन्ही धागे एका शब्दांत आहेत कीं नाहींत हें ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. शब्दामागें ‘गोड’ हें विशेषण लावून पाहावें.

‘गोड आठवण’ हें सहज म्हणतां येतें. पण तसें म्हणतांच दुखणें निघून जातें आणि केवळ समाधान उरतें. ‘गोड तळमळ’ म्हणतां येत नाहीं, कारण तळमळींत जळणें इतकें आहे कीं गोडीस जागाच नाहीं. ‘रुखरुख’ व ‘चुटपुट’ यांचीही तीच गत. कांहीं तरी करावयाचें राहून गेलें, हा पश्चात्तापाचा कांटा त्यांत असतो, आणि सउदादींत अपराधाची भावना मुळींच नाहीं. ‘विरह’ हा शब्द थोर खरा, पण तो बहुधा प्रिय माणसाच्या किंवा देवाच्या वियोगाशीं बांधलेला आहे. लहानपणच्या चिंचेचा विरह झाला असें कोणी म्हटलें तर ऐकणारा हंसेल. चिंचेची सउदाद मात्र पोर्तुगीज माणसास खुशाल होऊं शकते. ‘ओढ’ हिच्यांत इच्छा आहे, पण ती न पाहिलेल्या गोष्टीचीही असूं शकते. शेवटीं राहते ‘हुरहुर’. ‘गोड हुरहुर’ हे शब्द मराठी कानास खटकत नाहींत. म्हणून सउदादीच्या सर्वांत जवळचें आसन हुरहुरीस देणें योग्य.

तरीही दोघी एक नव्हेत. कातरवेळीं अंगणांत बसलेल्या माणसास हुरहुर लागते, आणि कशाची म्हणून विचारलें तर त्यास सांगतां येत नाहीं. प्रवासास निघण्याच्या आदल्या रात्रींही हुरहुर असते. म्हणजे ती पुढच्या गोष्टीचीही असते. सउदाद बहुधा मागें पाहते, आणि कोणाची म्हणून विचारलें तर तिच्याजवळ नांव असतें. विदर्भास जवळच्या असलेल्या कालिदासानें हें अंतर मोठ्या कौशल्यानें भरून काढलें आहे. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत दुष्यंत गाणें ऐकतो आणि कारण न समजतां व्याकुळ होतो. सुखी माणूसही रम्य वस्तु पाहून व मधुर स्वर ऐकून ‘पर्युत्सुक’ होतो, तेव्हां त्याचें मन जन्मांतरींचीं मैत्रें नकळत आठवीत असतें, असा त्याचा विचार आहे. विनाकारण वाटणाऱ्या हुरहुरीसही कवीनें असें एक हरवलेलें नांव मिळवून दिलें.

शब्दापेक्षां व्याकरणांतला भेद अधिक बोलका आहे. पोर्तुगीज माणूस आपणाजवळ सउदाद ‘आहे’ असें म्हणतो, जणूं ती खिशांतील नाणें आहे. मराठी माणसास हुरहुर ‘लागते’, जशी भूक लागते, तहान लागते, वेड लागतें. तेथें माणूस भावनेचा धनी. येथें भावना बाहेरून येऊन माणसास धरते. म्हणून शब्दास शब्द ठेवून वाक्य उलथणारा फसतो. परगांवीं गेलेला मुलगा आपणाजवळ आईची सउदाद आहे असें लिहितो. त्याचें ‘मला आईची आठवण येते’ असें मराठी केलें तर अर्थ चुकत नाहीं, पण सपाट होतो. ‘आईच्या आठवणीनें जीव हुरहुरतो, आणि ती आठवण सोडवतही नाहीं’ असें म्हटलें म्हणजे तिन्ही धागे येतात. एका शब्दाच्या जागीं वाक्य आलें, एवढाच तोटा.

पुढें तोच मुलगा घरीं येतो. आतां पोर्तुगीज भाषा म्हणते कीं त्यानें सउदाद ‘मारली’. मराठींत मारण्याची भाषा येथें शोभणार नाहीं. मराठी म्हणते, ‘आईला पाहून त्याचे डोळे निवले.’ एक भाषा मारते, दुसरी थंड करते. पण दोन्हींस ठाऊक आहे कीं भेटीनेंच हें दुखणें शमतें. तिसरा प्रसंग मृत्यूचा. गेलेला माणूस मागें सउदाद ‘ठेवून’ गेला असें तेथें म्हणतात. मराठी ‘चटका लावून गेला’ म्हणते. येथें गोडी सुटते व भाजणें उरतें. आणि हें नुकसान कोणत्याही युक्तीनें भरून निघत नाहीं, असें प्रांजळपणें मान्य करावें हें बरें.

सर्वच भाषांनीं या भावनेस सारख्या मायेनें वागविलें नाहीं. १६८८ सालीं बाझेल येथें योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें परमुलुखांत झुरणाऱ्या स्विस लोकांविषयीं प्रबंध लिहिला. घराच्या ओढीस त्यानें रोग ठरविलें आणि ‘घरीं परतणें’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टाल्जिया’ हें नांव बनविलें. रोग म्हटला कीं उपाय आला. सउदादीवर कोणी उपाय मागत नाहीं. हाच त्या दोहोंतील भेद.

आतां हाच प्रयोग उलट करून पाहिला तर मराठीचें ऐश्वर्यही दिसूं लागतें. ‘माहेर’ हा शब्द पोर्तुगीज माणसास कसा समजवावा? आईबापांचें घर म्हटल्यानें तो समजत नाहीं. मुलगी त्या घरीं राहत असते तोंवर तें माहेर नसतें. ती सोडून गेली म्हणजे त्याच भिंतींचें माहेर होतें. म्हणजे वियोग हा या शब्दाच्या जन्माचाच भाग आहे. संतांनीं पंढरीस माहेर म्हटलें तें यामुळेंच. विदर्भांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरपणास आलेली पार्वती. त्या गाण्यांत सासर, माहेर, थट्टा आणि खाऊ यांची गंमत असते, आणि तीं म्हणणाऱ्या पुष्कळशा मुलींनीं अद्याप सासर पाहिलेलें नसतें. ज्या घरांत त्या उभ्या आहेत त्याच घरासाठीं पुढें झुरावयाचें आहे, हें गाणें त्यांस अगोदरच शिकवून ठेवतें. कोजागिरीनंतर भुलाबाई परत जाते. तिच्या जाण्यानें अंगणास जें वाटतें त्याचें नांव पोर्तुगालचा राजा दुआर्ते यानें एका शब्दांत सांगितलें असतें. यवतमाळची आजी मात्र तें सांगत नाहीं, ती पुढच्या भाद्रपदाचे दिवस मोजूं लागते.