आयपी पत्ता संघर्ष

एकाच स्थानिक जाळ्यातील दोन उपकरणे एकच आयपी पत्ता वापरू लागल्यास होणाऱ्या बिघाडास आयपी पत्ता संघर्ष असे म्हणतात. याचे मूळ बहुधा हाताने दिलेल्या स्थिर पत्त्यात असते. तोच पत्ता डीएचसीपी सर्व्हर पुढे दुसऱ्या उपकरणास वाटतो.

आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याचे काम एआरपी हा संकेत (१९८२) करतो. पत्ता दोघांकडे असल्यास विचारणेला दोघेही उत्तर देतात आणि विचारणारा त्यांपैकी एकच नोंद ठेवतो. त्यामुळे बिघाड येतो-जातो. पत्ता घेण्यापूर्वी तो मोकळा आहे का हे तपासण्याची रीत २००८ मध्ये आरएफसी ५२२७ ने ठरवून दिली, परंतु सर्वच उपकरणे ती पाळत नाहीत.

== दुसऱ्या उपकरणाचा शोध ==

समजा, एखाद्या संस्थेचे मुख्य कार्यालय अमरावतीस व शाखा अकोल्यास आहे. अकोल्याचा प्रिंटर (192.168.10.25) मधूनच छपाई नाकारतो. एआरपी राउटर ओलांडत नसल्याने अमरावतीहून केलेली एआरपी तपासणी येथे निरुपयोगी ठरते. ती अकोल्याच्या जाळ्यातील संगणकावरूनच करावी लागते. पिंगही पुरेसे नाही, कारण उत्तर कोणी दिले हे ते सांगत नाही. लिनक्सवर पुढील आज्ञा देतात:

```
arping -b -I eth0 -c 4 192.168.10.25
```

येथे `-b` महत्त्वाचे आहे. ते नसल्यास पहिले उत्तर मिळताच पुढील विचारणा त्याच उपकरणाकडे जाते. उत्तरांत दोन मॅक पत्ते दिसले की संघर्ष सिद्ध होतो. प्रिंटरच्या लेबलवरील पत्ता वगळल्यावर उरलेला, समजा `00:00:5E:00:53:A7`, हा दुसऱ्या उपकरणाचा. सिस्को स्विचवर तो असा शोधतात:

```
show mac address-table address 0000.5e00.53a7
```

उत्तरात `Gi0/24` आले आणि त्याच पोर्टवर इतर अनेक मॅक पत्ते असले, तर ते पोर्ट बहुधा पुढच्या स्विचकडे जाणारे असते. मग त्या स्विचवर हीच आज्ञा द्यावी. `Fa0/7` सारख्या पोर्टवर तो पत्ता एकटाच दिसला, की तेथील तार धरून उपकरणापर्यंत पोहोचता येते. या उदाहरणात तो नव्याने बसवलेला डीव्हीआर निघतो.

== मर्यादा ==

स्विच मॅक पत्त्याची नोंद सामान्यतः ३०० सेकंद ठेवतो. गप्प बसलेले उपकरण त्यानंतर तक्त्यातून गळते, म्हणून तक्ता पाहताना `arping` चालूच ठेवावे. बिनतारी उपकरणाच्या बाबतीत स्विच केवळ अ‍ॅक्सेस पॉइंटचे पोर्ट दाखवतो. पुढचा शोध त्याच्या जोडणी-यादीत घ्यावा लागतो. मॅक पत्त्याचा दुसरा अंक 2, 6, A किंवा E असल्यास तो सहसा मोबाइलने स्वतः बनवलेला किंवा आभासी यंत्राचा असतो, व त्यावरून उत्पादक ओळखता येत नाही. व्यवस्थापनाची सोय नसलेल्या साध्या स्विचमागे मात्र एकेक तार काढून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

डीव्हीआरला डीएचसीपीच्या वाटपाबाहेरील मोकळा पत्ता दिल्यावरही काही संगणकांत जुनी एआरपी नोंद थोडा वेळ टिकते, आणि तोवर त्यांची छपाई अडलेलीच राहते.