शब्दवेध : स्टेपनी

टेम्पोत चढवलेल्या आमच्या चेतकच्या फोटोखाली भावाने लिहिलं : ‘तीन पिढ्या वाहिल्यास, बाई. आता स्टेपनीसकट नीट जा.’

ही स्टेपनी मूळची वेल्समधली. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. १९०४च्या सुमारास लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी आऱ्यांविना नुसती धाव आणि तिच्यावर हवा भरलेला टायर असं चाक काढलं. पंक्चर झालेल्या चाकाला ते आवळायचं आणि निघायचं. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं.

चेतकसारख्या स्कूटरची दोन्ही चाकं एकाच मापाची आणि एकाच बाजूने बसवलेली असत, त्यामुळे एकच स्टेपनी दोन्हींना चाले आणि नट सोडले की चाक हातात. मोटरसायकलवाल्यांना हे सुख कुठलं! अर्थात, ऐन घाटात स्टेपनीतही हवा नसायची, ते सोडा.